नवा जोडीदार, जुन्या मैत्रिणी आणि मनातली टोचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं नातं जुळल्यानंतरच्या पहिल्या सहा-आठ महिन्यांबद्दलचे हे प्रश्न आहेत. संसाराला दहा वर्षं झालेल्यांच्या अडचणी वेगळ्या, त्या इथे घेतलेल्या नाहीत. उत्तरांमध्ये जिथे 'मी' येते तिथे ती मीच आहे. या बाबतीत मला जे काही कळतं ते आधी माती खाऊन कळलेलं आहे.

नवं नातं सुरू झालं की मित्रमैत्रिणींचा वेळ कमी होणारच का?

होणारच. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांनी २०१० मध्ये मांडलेलं एक निरीक्षण बरंच गाजलं होतं. अडीअडचणीला ज्यांच्याकडे आपण हक्काने जातो अशी माणसं सरासरी पाचेक असतात. प्रेमात असलेल्यांचं हे वर्तुळ मोजलं तर ते साधारण चारच माणसांचं निघालं, आणि त्या चारांत एक तो नवा जोडीदार. म्हणजे एक आत आला आणि दोघं बाहेर गेले. कारण साधं आहे. जवळीक टिकते ती भेटण्या-बोलण्यावर, आणि भेटणं-बोलणं कमी झालं की ती पातळ होत जाते.

ही सरासरी आहे, शिक्षा नव्हे. पण 'माझ्या मैत्रीत तसूभरही फरक पडणार नाही' असं जे आपण सुरुवातीला छातीठोकपणे सांगतो, ते मात्र सांगू नये. फरक पडतोच, आणि मग आपण खोटे ठरतो.

मग अपराधी वाटतं ते तास कमी झाल्यामुळेच ना?

मलाही तसंच वाटायचं. एकदा चिडून वही घेऊन बसले आणि हिशोब मांडला, तेव्हा वेगळंच निघालं.

आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६, काम आणि जाण्या-येण्याचे ५५, स्वयंपाक, धुणीभांडी, बाजारहाट वगैरेंचे २५. उरले ३२. नातं सुरू होण्याआधी या ३२ मधले ८ तास माझ्या दोन जिवलग मैत्रिणींचे होते: बुधवारी संध्याकाळी दोन तास चालणं, रविवारी सकाळचे चार तास, आणि आठवडाभरात मिळून दोनेक तास फोन. घरच्यांना ५, माझे एकटीचे ८, आणि उरलेले ११ कुठे जायचे ते देवालाच ठाऊक. बहुतेक मोबाइलवर अंगठा फिरवण्यात.

तो आयुष्यात आला आणि आठवड्याचे १८ तास त्याचे झाले. ते आले कुठून? फुकट जाणारे ते ११ सगळे गेले, माझ्या एकटीच्या वेळातले ३ गेले आणि मैत्रिणींचे ४. म्हणजे मैत्रिणींना अजूनही ४ तास मिळत होते, आधीच्या निम्मे. तरीही त्यांच्या लेखी मी गायब झाले होते, आणि माझ्या मनाला ते रोज खात होतं. असं का?

कारण त्या चार तासांचं काय झालं होतं ते बघा. तो पोचायला वीस मिनिटं उशीर आहे म्हणून केलेला फोन. तो आला की 'चल, नंतर बोलू' म्हणून अर्धवट तोडलेला तोच फोन. रविवारी सकाळी दहाला ठरलेलं, साडेअकराला पोचणं आणि साडेबाराला उठणं. बुधवार तर जवळजवळ बंदच: पहिल्या तेरा आठवड्यांत सात बुधवार मी बुडवले. मी मोजले नव्हते, त्यांच्यातल्या एकीने मोजले होते. तास होते, पण सगळे उरलेसुरले, आणि उष्टं वाढलेलं समोरच्याला कळतंच.

आणि बुडवलेला प्रत्येक बुधवार हा वेगळा निर्णय होता. दुपारी चारच्या सुमाराला त्याचा मेसेज यायचा, 'आज लवकर सुटतोय, भेटायचं?' आणि मग मी न्यायाधीशाच्या खुर्चीत. त्याला हो म्हटलं की मैत्रिणी हरल्या, मैत्रिणींकडे गेले की तो. कुणाला तरी डावलल्याशिवाय संध्याकाळ पुढे सरकायचीच नाही. टोचणीचा उगम इथे होता.

शेवटी आम्ही ठरवलं ते असं: बुधवारचे दोन तास पक्के. रविवारची सकाळ एक आड एक, पण मिळाली की पूर्ण चार तास. आणि शनिवारी दुपारी अर्धा तास फोन, घड्याळ न बघता. आठवड्याची सरासरी काढली तर होतात साडेचार तास. आधीपेक्षा जेमतेम अर्धा तास जास्त! पण महिन्याभरात दोघींच्या बोलण्यातली धार गेली, कारण बुधवारी आता कुणी कुणाला डावलत नव्हतं. बुधवार त्यांचा, हे त्यालाही माहीत होतं. चारचा मेसेज आला तरी उत्तर ठरलेलं: 'आज बुधवार.'

मैत्रीला असं वेळापत्रक लावणं कोरडं नाही का वाटत?

पहिले दोन-तीन आठवडे वाटतं. पण आठवून बघा: शाळा-कॉलेजातली मैत्री घट्ट झाली ती रोज एकाच वर्गात, एकाच बाकावर बसल्यामुळे. ते वेळापत्रकच होतं, फक्त ते दुसऱ्या कुणीतरी लावलेलं होतं. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात नव्या ओळखीपासून जवळच्या मैत्रीपर्यंत जायला साधारण दोनशेहून जास्त तासांचा सहवास लागतो असं दिसलं. तुमच्या जुन्या मैत्रीत हे तास कधीच भरलेत. ते दर आठवड्याला नव्याने कमवावे लागत नाहीत. फक्त खातं बंद पडू द्यायचं नाही, आणि त्यासाठी नेम लागतो.

उलट, 'आपण काय, कधीही भेटू' असं जिथे म्हटलं जातं तिथे नंतर कधीच भेट होत नाही.

माझ्या कामाच्या वेळाच पक्क्या नाहीत. ठरावीक वार कसा ठेवू?

वार ठेवू नका. त्याऐवजी एकच नियम पाळा: भेटीतून उठण्याआधी पुढची तारीख ठरवायची. बूट घालता घालता, दारात उभं राहून, पण तिथेच. घरी जाऊन कळवते म्हटलं की संपलं. शिफ्ट बदलली तर तारीख पुढे जाईल, पण रद्द होणार नाही.

हे सगळं मैत्रिणींना सांगायचं कसं? उगाच नाटकी वाटेल.

नाटकी होतं ते खुलासा केल्यावर. 'मला तुम्ही किती महत्त्वाच्या आहात' याने सुरू होणारं भाषण ऐकताना समोरचीच्या मनात येतं, हिला आता काहीतरी कमी करायचं आहे. भाषण नको, प्रस्ताव द्या. आणि त्यात कमी काय होणार आहे तेही सांगून टाका.

मी म्हटलं होतं ते जवळजवळ असं: "अगं, दर रविवारी आता मला जमणार नाही, एक आड एक जमेल. पण बुधवार माझ्याकडून बुडणार नाही. बुडला तर त्याच आठवड्यात दुसरा दिवस मी शोधणार, तू विचारायची वाट बघायची नाही." त्यावर ती म्हणाली, "बघू." एवढंच. त्या 'बघू'त सात बुधवार होते. विश्वास बसायला पुढचे पाच-सहा बुधवार सलग जावे लागले.

एक चूक टाळा: जोडीदाराच्या माथी मारू नका. 'त्याला आवडत नाही गं', 'तो एकटा पडतो' असं म्हटलं की आपण सुटतो खरं, पण मैत्रिणींच्या मनात तो खलनायक होऊन बसतो, न भेटताच. निर्णय तुमचा असेल तर तुमचाच म्हणून सांगा.

जोडीदार म्हणतो, 'माझ्यापेक्षा मैत्रिणी महत्त्वाच्या का?' काय उत्तर द्यायचं?

या प्रश्नाला उत्तर देऊच नका, कारण तो तुलनेचा सापळा आहे. 'नाही रे, तूच' म्हटलंत तर पुढच्या बुधवारी ते सिद्ध करून दाखवावं लागतं. त्याऐवजी त्याला नेमकं काय खुपतंय ते विचारा. बहुतेक वेळा त्याला तुमचं जाणं खुपत नसतं, जाण्याची पद्धत खुपत असते. आयत्या वेळी कळणं, कधी परतणार ते माहीत नसणं, आणि परत आल्यावर तुम्ही गप्पगप्प, थकलेल्या. यातल्या तिन्ही गोष्टी दुरुस्त होतात. वार आधीपासून माहीत असू द्या, परतण्याची वेळ सांगा आणि पाळा, आणि आल्यावर दहा मिनिटं त्याच्याशी बसून बोला.

आणि त्याचेही मित्र असतील ना? पहिल्या महिन्यांत त्यानेही त्यांना टांग दिलेली असते, फक्त ते आपल्याला दिसत नाही. माझ्या घरी बुधवारचा प्रश्न सुटला तो अर्धा यामुळे, की तोही बुधवारी त्याच्या जुन्या टोळक्यात जायला लागला.

सगळ्यांना एकत्रच भेटवलं तर? एका दगडात दोन पक्षी.

अधूनमधून जरूर. त्याची आणि त्यांची ओळख होणं गरजेचंच आहे, नाहीतर तो तुमच्या गोष्टींतलं एक पात्र होऊन राहतो. पण ही भेट मैत्रिणींच्या खात्यात मांडू नका. एकत्र भेटीत तुम्ही यजमान असता: तो कंटाळलाय का, तिने टोमणा मारला का, यावर सतत एक डोळा. मैत्रिणीला आईच्या आजारपणाबद्दल किंवा नोकरीतल्या अपमानाबद्दल बोलायचं असतं, ते ती नव्या माणसासमोर काढत नाही. रात्री घरी परतताना तुम्हाला वाटतं, किती छान झालं सगळं. तिला वाटतं, हिच्याशी आज एक शब्द बोलता आला नाही.

माझा ढोबळ नेम असा: तीन भेटी फक्त आमच्या, एक सगळ्यांची. आणि ती पहिली एकत्र भेट दीड-दोन तासांची, काहीतरी करण्याची असावी, म्हणजे खेळ, चालणं किंवा एखादा कार्यक्रम. नुसतं समोरासमोर बसवलं की मुलाखत होते.

प्रत्यक्ष भेट नाही जमली तर फोनवर भागतं का?

माणसागणिक वेगळं. डनबार आणि सॅम रॉबर्ट्स यांनी शाळा सोडून बाहेर पडलेल्या ३० ब्रिटिश विद्यार्थ्यांवर १८ महिने लक्ष ठेवलं होतं. मुलींची मैत्री टिकवण्यात बोलण्याचा वाटा मोठा दिसला, तर मुलांच्या बाबतीत एकत्र काहीतरी करण्याचा. ३० ही संख्या लहान आहे आणि प्रत्येकाला ते लागू होईल असंही नाही. पण एक प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे: आमची मैत्री कशावर चालते? मैदानात एकत्र खेळून झालेली दोस्ती तासभराच्या फोनने जगत नाही. तिथे दोघंही 'अजून काय, बाकी काय' करत राहतात. आणि जिची सगळी मजा बोलण्यात आहे तिला तुम्ही गर्दीच्या कार्यक्रमाला नेलंत तर ती उपाशीच परतते.

ठरलेली भेट मोडावीच लागली तर?

मोडते कधीतरी. तेव्हा नवी तारीख त्याच निरोपात द्या: 'आज जमत नाही, शुक्रवारी सातला येऊ?' नुसतं 'सॉरी गं, आज नाही' लिहिलं की पुढची भेट ठरवण्याचं ओझं तिच्यावर पडतं, आणि जिला टांग मिळाली तिनेच पुन्हा विचारायचं हा दुहेरी अन्याय होतो.

कारण खरं सांगा. 'डोकं दुखतंय' म्हणून घरी राहायचं आणि रात्री त्याच्यासोबतचा फोटो स्टेटसला दिसायचा, हे फार वेळा घडतं.

मैत्रिणींच्या उत्तरांकडेही लक्ष ठेवा. माझ्या मैत्रिणीच्या मेसेजचा प्रवास असा होता: पहिल्यांदा बुधवार बुडवला तेव्हा आठ-दहा ओळी आल्या, शिव्यांसकट. तिसऱ्या वेळी 'ठीक आहे, मजा कर'. पाचव्या वेळी नुसतं 'बरं.' पूर्णविरामासकट. सहाव्या-सातव्या वेळी तर तिने विचारलंच नाही, येतेस का म्हणून. मला वाटलं तिने समजून घेतलं. तिने माझा नाद सोडला होता. चिडणारी मैत्रीण अजून तुमच्यासाठी थांबलेली असते, हे मला फार उशिरा कळलं.

दोन्हीकडे सगळं ठीक आहे, तरी टोचणी जात नाही.

दोन प्रकार वेगळे करा. एका टोचणीमागे घटना असते: तुम्ही येते म्हणालात आणि गेला नाहीत. तिच्यावर उपाय आहे, फोन करा, चूक कबूल करा, तारीख द्या. दुसरीमागे घटनाच नसते. मैत्रिणींसोबत बसलं की तो एकटा असेल असं वाटतं, त्याच्यासोबत असलं की त्या भेटल्या असतील असं वाटतं. सारखा फोन उलटा करून बघितला जातो आणि दोन्ही ठिकाणी आपण अर्धेच असतो.

ओळखायची खूण अशी: 'मी नेमकं कुणाला दिलेलं कोणतं वचन मोडलं?' याचं उत्तर एका वाक्यात देता आलं तर पहिली, देता आलं नाही तर दुसरी. या दुसऱ्या प्रकाराला आणखी वेळ देऊन शमवायला जाऊ नका. जितका द्याल तितका तो कमीच वाटतो. मला इथे एका साध्या गोष्टीचा उपयोग झाला: बुधवारचे दोन तास फोन पिशवीत, आवाज बंद. तातडीचं असेल तर तो सलग दोनदा कॉल करेल, एवढं ठरलेलं. आजवर एकदाही केलेला नाही.

पहिला बहर ओसरला की आपोआप सुरळीत होईल ना? मैत्रिणी थांबतीलच.

मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९ मध्ये या झपाटलेपणाबद्दल लिहिताना त्याचा काळ साधारण दीड ते तीन वर्षांचा सांगितला आहे. दीड वर्ष कुणी थांबतं का हो? तेवढ्यात मैत्रिणीची नोकरी बदलते, घर बदलतं, तिचंही कुणावर तरी मन बसतं आणि मोडतंही. या सगळ्यात तुम्ही नव्हतात तर परत आल्यावर गप्पा कुठून जुळवणार?

जोडीदार भेटूच देत नाही, तर?

मग हा वेळ वाटण्याचा प्रश्न नाही, आणि वरचं काहीही तिथे कामाचं नाही. रुसणं वेगळं आणि रोखणं वेगळं. प्रत्येक भेटीनंतर उलटतपासणी, फोन दाखवायची सक्ती, एकेका मैत्रिणीबद्दल मुद्दाम कान भरणं, परतल्यावर भांडण ठरलेलं, आणि त्या भांडणाच्या धाकाने तुम्ही स्वतःच भेटी टाळायला लागणं, हे दिसलं तर तास कमी करून तडजोड करू नका. विश्वासातल्या एका माणसाला सगळं सांगा आणि समुपदेशकाशी बोला. मैत्रिणी तुटणं हा इथे योगायोग नसतो.

सहा महिने मी गायबच होते. आता कुठल्या तोंडाने जाऊ?

आहे त्याच. ग्रुपवर 'हाय गर्ल्स, किती दिवस झाले!' टाकू नका. एकेकीला वेगळा फोन करा. सुरुवात स्वतःच्या बातम्यांनी नको आणि त्याच्या कौतुकाने तर नकोच. 'मी गायब झाले होते, माझं चुकलं. तुझं या काळात काय काय झालं ते मला ऐकायचंय.' मग ऐका, मध्ये न बोलता. ती फटकारेल, ते फटकारणंही ऐका. पहिल्या भेटीत जुना सूर लागत नाही. मला तिसऱ्या-चौथ्या भेटीला लागला. दोघींपैकी एकीशी पूर्वीसारखं झालं. दुसरीशी बोलणं आहे, पण ती आता तिच्या मोठ्या गोष्टी आधी दुसऱ्या कुणाला तरी सांगते. ते मी कमावलेलं आहे.

मी पलीकडच्या बाजूला आहे. माझीच मैत्रीण प्रेमात पडून नाहीशी झाली. काय करू?

टोमणे मारू नका. 'मॅडमना वेळ मिळाला का' म्हटलं की पुढच्या वेळी तिला यायला आणखी जड जातं. 'आपण बोलतच नाही हल्ली' असं मोघमही नको, त्यावर तिला करण्यासारखं काही नसतं. नेमकं मागा: 'महिन्यातला पहिला आणि तिसरा बुधवार मला हवाय.' आमच्यात हे शेवटी तिनेच केलं होतं. सात बुधवारांचा आकडा तिने मला सांगितला तो भांडताना नाही, सांगून लगेच विचारलं, "आठवा पण जाणार का, की मी चालायचे बूट घालून खाली येऊ?"

मी म्हटलं, ये.